फोटोतली रीडिंग्ज आणि सोबत फक्त तीन शब्द : ‘हे लिहून दे’

प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये चौघे असतात, रीडिंग एकाच्या रफ वहीत उतरतं, आणि संध्याकाळी त्या पानाचा फोटो दुसऱ्याच्या फोनवर येतो. खाली एवढंच लिहिलेलं असतं : ‘हे लिहून दे.’ कोणता प्रयोग, सरांना आलेख हवा आहे की नको, तिरकी रेघ मारलेला आकडा रद्द आहे की नाही, यातलं काहीच नसतं. तरी अशा फोटोवरून नीट अहवाल तयार होतो. फोटोतले आकडे स्वतःबद्दल बरंच काही सांगत असतात. ते काढून घ्यायचं, उरलेलं विचारायचं, आणि जे दोन्हीकडून मिळत नाही त्याची जागा अहवालात उघडी ठेवायची.

उदाहरणाला साध्या दोलकाचा प्रयोग घेऊ. दोऱ्याला धातूचा गोळा टांगून वीस दोलनांचा वेळ मोजायचा आणि गुरुत्व त्वरण g काढायचं. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत हा बहुतेकांच्या हातून जातो. समजा फोटोत एवढंच आहे : वरच्या कोपऱ्यात ‘20 osc’, एका चौकटीत ‘dia 1.94’, आणि खाली हा तक्ता.

| l | t1 | t2 |
|---|---|---|
| 60 | 31.4 | 31.3 |
| 70 | 33.8 | 33.9 |
| 80 | 36.2 | 36.1 |
| 90 | 36.4 | 38.3 |
| 100 | 40.4 | 40.3 |

एकके नाहीत, प्रयोगाचं नाव नाही, उत्तरही नाही.

आधी जसंच्या तसं उतरवा

पहिलं काम म्हणजे नक्कल. गणित अजून करायचं नाही. फोटोत जे आहे ते त्याच क्रमाने, त्याच दशांश स्थळांसह कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवा. खोडलेला आकडा वाचता येत असेल तर तोही एका बाजूला लिहून ठेवा, कारण खोडण्यामागे कारण असतं आणि ते पुढे उपयोगी पडतं. ‘31.0’ असेल तर ‘31’ करू नका. त्या शून्याने स्टॉपवॉच दशांश सेकंदापर्यंत वाचलं होतं हे कळतं.

फोटोतून आकडे वाचताना ठरावीक ठिकाणी फसायला होतं. दशांश चिन्ह सावलीत किंवा वहीच्या रेघेत हरवतं. 1 आणि 7, 6 आणि 8, 3 आणि 8 एकमेकांसारखे दिसतात. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या वहीत आणखी एक भर असते : मध्येच देवनागरी आकडे येतात. देवनागरी ४ ची वरची दोन टोकं जुळली की तो इंग्रजी 8 दिसतो, आणि घाईत लिहिलेला १ इंग्रजी 9 सारखा वाटतो. अशा वेळी तोच आकडा त्याच माणसाने त्याच पानावर दुसरीकडे कसा काढला आहे ते पाहा. शंकेचा 6 असेल तर 36.2 मधल्या 6 शेजारी आणि 33.8 मधल्या 8 शेजारी तो धरून बघा. अक्षराची सवय एका पानात बदलत नाही.

फोटो पुसट असेल तर मेसेजवरून येताना तो दाबला गेलेला असू शकतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा. पान सपाट ठेवून, वरून सरळ आणि चारही कडा दिसतील असा काढायला सांगा. कडा महत्त्वाच्या, कारण ‘20 osc’ सारखी नोंद नेमकी समासात लिहिलेली असते आणि फोटोत ती कापली गेली तर सगळं गणित अडतं.

प्रयोग कोणता, एकके कोणती : आकड्यांना विचारा

प्रयोगाचं नाव नसलं तरी लांबी, वीस दोलनं आणि गोळ्याचा व्यास एकत्र आले की साधा दोलकच. एकके मात्र अंदाजाने बसवायची नाहीत, तपासून बसवायची. सूत्र असं आहे :

```
T = 2π √(L/g)      म्हणून      g = 4π² L / T²
```

L म्हणजे टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, T म्हणजे एका दोलनाचा काळ. १०० सें.मी.च्या दोलकाचा दोलनकाल जवळपास २ सेकंद असतो, त्यामुळे वीस दोलनांना ४० सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. तक्त्यात ४०.४ आणि ४०.३ आहे. म्हणजे l सेंटिमीटरमध्ये, t सेकंदांत आणि मोजलेली दोलनं वीसच, या तिन्ही गोष्टी एका ओळीने पक्क्या झाल्या. व्यास १.९४ हाही सेंटिमीटरच. दोन दशांश स्थळं आहेत म्हणजे तो वर्नियर कॅलिपरने मोजला असणार, ज्याचं लघुत्तम माप ०.०१ सें.मी. असतं.

खटकणारा आकडा

आता l = ९० ची ओळ पाहा. ३६.४ आणि ३८.३. बाकी प्रत्येक ओळीत दोन रीडिंगमध्ये ०.१ सेकंदाचा फरक आहे, इथे १.९ सेकंदांचा आहे. शिवाय ८० सें.मी.ला ३६.२ लागले आणि ९० ला ३६.४, हेही पटत नाही. लांबी दर दहा सेंटिमीटरने वाढते तसा वेळ दोन-अडीच सेकंदांनी वाढत गेला पाहिजे.

इथे लिहिणाऱ्याचे हात शिवशिवतात. 6 चा 8 केला की ३८.४ होतं, ओळ गोड दिसते, कुणाला कळतही नाही. असं करू नका. त्या आकड्याचे दोन अर्थ संभवतात आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला अर्थ : पानावर 38.4 च आहे, वाचणाऱ्याची चूक आहे. शेजारच्या ओळीतल्या 6 शी ताडून पाहिलं की हे कळतं. आपल्या फोटोत तो 36.2 मधल्या 6 सारखाच आहे, तर लिहिणाऱ्याने 6 च लिहिला होता.

दुसरा अर्थ : रीडिंग खरंच ३६.४ आलं, पण दोलनं वीस नव्हती. त्या ओळीतलं दुसरं रीडिंग ३८.३ घेतलं तर एका दोलनाला ३८.३ ÷ २० = १.९१५ सेकंद लागतात. एकोणीस दोलनांचा वेळ किती? १.९१५ × १९ = ३६.४. अगदी बरोबर जुळतं. ही या प्रयोगातली सर्वांत नेहमीची चूक आहे. स्टॉपवॉच दाबताना ‘एक’ म्हटलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं होतात. वॉच दाबताना ‘शून्य’ म्हणायचं असतं.

एवढा पुरावा हाती असला तरी अहवालात ३६.४ चं ३८.४ होत नाही, आणि ३६.४ ला २०/१९ ने गुणूनही चालत नाही. तक्त्यात ३६.४ तसंच राहतं, त्यावर खूण करायची आणि खाली एक वाक्य लिहायचं : ‘हे रीडिंग १९ दोलनांचं असण्याची शक्यता आहे, त्यामुळे गणनात फक्त ३८.३ घेतलं आहे.’ उपकरण अजून मांडलेलं असेल तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे ९० सें.मी.चं रीडिंग पुन्हा घेणं. ते काम मात्र प्रयोग करणाऱ्याचं.

मुकाट्याने सरासरी काढली असती तर काय झालं असतं तेही पाहा. ३६.४ आणि ३८.३ ची सरासरी ३७.३५ येते. त्या एका ओळीतून g १०३० सें.मी./से² निघतो आणि पाचही ओळींची सरासरी ९८९ वर जाते. ९८९ दिसायला फार वाईट नाही, म्हणूनच ही चूक जर्नलमध्ये खपून जाते. परीक्षकाने आलेख पाहिला तर मात्र तो बिंदू रेषेपासून सरळ खाली पडलेला दिसतो.

l म्हणजे नक्की कुठपर्यंतची लांबी?

आता जरा खोल पाणी. फोटोत ‘l’ एवढंच लिहिलं आहे. ती फक्त दोऱ्याची लांबी आहे की त्यात गोळ्याची त्रिज्या मिळवलेली आहे? व्यास वेगळा मोजला आहे म्हणजे तो पुढे मिळवायचा असावा असं वाटतं, पण वाटण्यावर अहवाल लिहायचा नसतो. सुदैवाने हेही आकडेच सांगतात.

प्रत्येक ओळीसाठी T² काढा आणि L/T² पाहा. सूत्राप्रमाणे हा भागाकार सगळ्या ओळींत सारखा यायला हवा. त्रिज्या ०.९७ सें.मी. मिळवून आणि न मिळवून, दोन्ही प्रकारे काढू. ९० च्या ओळीत फक्त ३८.३ घेतलं आहे.

| l | T² (से²) | l / T² | (l + ०.९७) / T² |
|---|---|---|---|
| ६० | २.४५७ | २४.४२ | २४.८१ |
| ७० | २.८६५ | २४.४४ | २४.७८ |
| ८० | ३.२६७ | २४.४९ | २४.७८ |
| ९० | ३.६६७ | २४.५४ | २४.८१ |
| १०० | ४.०७० | २४.५७ | २४.८१ |

तिसरा रकाना नीट वाचा. २४.४२ पासून २४.५७ पर्यंत तो पायरीपायरीने चढतच जातो, एकदाही खाली येत नाही. हाताच्या चुका अशा एका दिशेने जात नाहीत, त्या वरखाली होतात. सलग चढ दिसला की प्रत्येक लांबीतून ठरावीक तुकडा सुटला आहे असं समजावं. सुटलेला एक सेंटिमीटर साठ सेंटिमीटरमध्ये जास्त टोचतो, शंभरमध्ये कमी, म्हणून चढ येतो. चौथ्या रकान्यात त्रिज्या मिळवताच चढ गेला आणि आकडे २४.८ भोवती थोडे वरखाली राहिले. तेव्हा l ही दोऱ्याची लांबीच होती. हाच रकाना उलटा, उतरत गेला असता तर त्रिज्या आधीच मिळवलेली होती आणि आपण ती दुसऱ्यांदा मिळवली असं निघालं असतं.

आलेखावरही हेच दिसतं. आडव्या अक्षावर l, उभ्या अक्षावर T² घ्या. स्प्रेडशीटमध्ये A रकान्यात l आणि E रकान्यात T² असेल तर :

```
=SLOPE(E2:E6,A2:A6)
=INTERCEPT(E2:E6,A2:A6)
```

चढ ०.०४०३ येतो आणि उभ्या अक्षावरचा छेद ०.०४२. छेदाला चढाने भागलं की सुमारे १ सें.मी. मिळतं. रेषा आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे सुमारे एका सेंटिमीटरवर छेदते, आणि आपली त्रिज्या ०.९७ आहे. हाताने आलेख काढत असाल तर आडवा अक्ष शून्यापासून, डावीकडे थोडी जागा सोडून घ्या. नाहीतर हा छेद कागदाबाहेर जातो.

या चढाची एक खुबी आहे. लांबीतला ठरावीक तुकडा सुटला तरी रेषा फक्त बाजूला सरकते, तिचा तिरकेपणा बदलत नाही. म्हणून 4π² ला चढाने भागून काढलेला g त्रिज्येच्या गोंधळातून सुटतो. पण एका चुकीच्या रीडिंगपासून तो सुटत नाही. ३६.४ सकट सरासरी घेऊन हाच आलेख काढला तर g १०२६ येतो आणि रेषा आडव्या अक्षाला जवळपास चार सेंटिमीटर डावीकडे छेदते, जे एवढ्याशा गोळ्याला शक्य नाही. म्हणून क्रम पाळायचा : खटकणारं रीडिंग आधी, लांबीचा प्रश्न नंतर.

मग विचारायचं काय?

ज्या प्रश्नाच्या उत्तराने अहवाल बदलेल तेवढाच विचारा. वर्नियरची शून्य त्रुटी पाहिली होती का, हा प्रश्न पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे. पण व्यासात ०.०२ सें.मी.ची चूक असली तर त्रिज्येत ०.०१ येते, आणि साठ सेंटिमीटरच्या लांबीत ती कुठेच दिसत नाही. तो प्रश्न सोडून दिला तरी चालतो, अहवालात फक्त ‘शून्य त्रुटीची नोंद नाही’ असं लिहायचं.

दोलक किती कोनातून सोडला, हे विचारण्यासारखं आहे. सूत्र लहान कोनांसाठीच खरं असतं. १० अंशांतून सोडला तर दोलनकाल सुमारे ०.२ टक्क्यांनीच वाढतो, पण २० अंशांना ०.८ टक्क्यांनी वाढतो. T चा वर्ग असल्यामुळे g दीड टक्क्याने कमी येतो.

सगळे प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवा, नाहीतर एकाचं उत्तर येतं आणि बाकीचे राहून जातात. मेसेज साधारण असा :

‘टेबल उतरवलं. चार गोष्टी सांग. ९० च्या ओळीत पहिलं रीडिंग ३६.४ च आहे ना, आणि मोजताना “एक” पासून सुरू केलं होतंस का? l ही गोळ्याच्या वरपर्यंतच्या दोऱ्याची लांबी धरलीय, बरोबर? गोळा साधारण किती बाजूला नेऊन सोडत होतास? सरांना आलेख हवाय का?’

प्रश्नांत आपण काय धरलं आहे ते आलं आहे. त्यामुळे समोरच्याला ‘हो, हो, थोडाच, हो’ एवढं लिहून भागतं. उत्तर आलंच नाही तर हीच गृहीतं अहवालात ‘असं धरलं आहे’ म्हणून लिहायची.

अहवाल लिहिताना

मांडणी जर्नलची नेहमीचीच : उद्देश, साहित्य, सूत्र, आकृती, कृती, निरीक्षणं, गणन, आलेख, निष्कर्ष. यातली निम्मी पुस्तकातून येते, त्यात फार वेळ घालवू नका. घोटाळा होतो तो कृती आणि खबरदारी लिहिताना.

गाइडमधली खबरदारी उतरवली की त्यात ‘पंखा बंद केला’, ‘पहिली काही दोलनं सोडून दिली’, ‘गोळा लंबवर्तुळात फिरू दिला नाही’ अशी वाक्यं येतात. फोटोत याचा एकही पुरावा नाही, आणि तुम्ही टेबलापाशी नव्हता. ‘केलं’ ही भूतकाळी वाक्यं फक्त फोटोतून निघणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा : ‘दोऱ्याची लांबी ६० ते १०० सें.मी. दहा-दहाने बदलली’, ‘प्रत्येक लांबीला वीस दोलनांचा वेळ दोनदा घेतला’. बाकीचं ‘घ्यायची खबरदारी’ अशा शीर्षकाखाली ‘पंखा बंद ठेवावा’ असं विध्यर्थी लिहा. वाक्य तेच राहतं, पण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष होत नाही. तोंडी परीक्षेत त्या वाक्यावरून प्रश्न आला तर उत्तर देणारा दुसराच असतो, हेही लक्षात असू द्या.

निरीक्षण तक्त्यात t1 आणि t2 दोन्ही ठेवा, फक्त सरासरी नको. ३६.४ ची गोष्ट दोन्ही रीडिंग होती म्हणूनच कळली. एकके रकान्याच्या डोक्यावर, प्रत्येक आकड्यापुढे नकोत.

गणनात L/T² ची सरासरी २४.८० येते. तिला 4π² म्हणजे ३९.४८ ने गुणलं की g = ९७९ सें.मी./से². कॅल्क्युलेटर ९७८.९५ आणि पुढेही बरेच आकडे दाखवतो, पण ते लिहायचे नाहीत. का, ते त्रुटीच्या गणितावरून दिसतं. सर्वांत लहान लांबी घ्या : मीटरपट्टीची ०.१ सें.मी.ची शंका ६१ मध्ये ०.१६ टक्के होते. स्टॉपवॉचची ०.१ सेकंदाची शंका ३१.३५ मध्ये ०.३२ टक्के, आणि T चा वर्ग म्हणून दुप्पट, ०.६४ टक्के. बेरीज ०.८ टक्के, म्हणजे g मध्ये सुमारे ८. उत्तर लिहायचं ते ९७९ ± ८ सें.मी./से². ज्या उत्तरात एककाच्या जागीच आठाची शंका आहे त्याला दोन दशांश स्थळं शोभत नाहीत. वेळेची शंका लांबीच्या चौपट आहे, हेही इथेच एका वाक्यात लिहा. परीक्षक ‘चूक कशामुळे?’ विचारतो त्याचं खरं उत्तर हे आहे, ‘हवेचा विरोध’ हे नव्हे.

आलेखाच्या चढातून ९८० येतो, सरासरीतून ९७९. दोन्ही लिहा. पुस्तकातल्या ९८० शी तंतोतंत जुळतो म्हणून चढाचा आकडा तेवढा पुढे करू नका. मुंबई-पुण्याकडे g मुळात सुमारे ९७८.५ आहे, आणि ± ८ च्या पट्ट्यात हे सगळे आकडे आरामात बसतात. निष्कर्षाला दोन वाक्यं पुरतात : g किती आला आणि किती शंकेसह, आणि T² विरुद्ध l ची रेषा सरळ येऊन तिचा छेद गोळ्याच्या त्रिज्येशी जुळला.

पाठवण्याआधी तक्ता मूळ फोटोशी पुन्हा ताडून बघा. एकाने फोटोतून रकाना खालून वर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने अहवालात बोट ठेवत ऐकावं. उलट्या क्रमाने वाचलं की डोळा ‘पुढचा आकडा हाच असणार’ असं धरून पुढे सरकत नाही. मग अहवालासोबत तीन ओळी वेगळ्या लिहून पाठवा : ३६.४ गणनात घेतलं नाही आणि का. l ही दोऱ्याची लांबी धरली आहे. कोनाची नोंद मिळाली नाही. जर्नलवर नाव ज्याचं पडणार आहे त्याने सही घेण्याआधी या तीन ओळी रफ वहीशी जुळवून घ्यायच्या, आणि जमलं तर ९० सें.मी.चं रीडिंग पुन्हा घेऊन यायचं.